३६ बी चा नंबर आणि मानेचं दुखणं: पळणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

ती माझ्याकडे आली मानेसाठी. वय २३, पोलीस भरतीची तयारी चालू, पहाटे सोलापुरात विजापूर रोडकडच्या एका मैदानावर सराव. भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर पळायचं असतं, शिवाय गोळाफेक. पळण्याचा सराव वाढवला तसं उजव्या खांद्यापासून मानेच्या मुळापर्यंत ओढ लागायला सुरुवात झाली. गोळ्या घेऊन आठवडाभर बरं वाटायचं, मैदानावर गेलं की पुन्हा तेच. तिच्या सरांचं म्हणणं होतं की ही हात आवळून पळते, म्हणून खांदे भरून येतात. सर रोज ओरडायचे, "हात मोकळे सोड!" आणि ती रोज प्रयत्न करायची, पण दुसऱ्या फेरीला कोपरं पुन्हा बरगड्यांना चिकटायची.

फिजिओथेरपीत मानेची तपासणी ठरलेली असते. मान सगळीकडे वळत होती, हाताला मुंग्या नव्हत्या, ताकद व्यवस्थित होती. मणक्याचं काही दिसत नव्हतं. पण खांद्यांवर दोन्ही बाजूंना पट्ट्यांचे वळ होते, बोट फिरवलं तर खोलगट लागतील इतके. छातीच्या खाली, मधोमध बरगडीवर, रुपयाच्या नाण्याएवढी कातडी सोलवटलेली होती. दोन्ही खुणा एकाच कपड्याकडे बोट दाखवत होत्या. पळताना आत काय घालतेस, असं सरळ विचारलं तेव्हा ती जरा थांबली आणि म्हणाली, "मॅडम, दोन घालते. एकावर एक. नाहीतर पळताच येत नाही ओ."

आतली रोजची सुती ब्रा, ३६ बी. तिच्यावर डोक्यातून घालायची, मागे पट्टे एकत्र येणारी, 'स्पोर्ट्स' असं छापलेली एक्सएल ब्रा. आणि दर दोन-चार दिवसांनी आतल्या ब्राचे पट्टे आणखी थोडे आखडून घ्यायचे. भरतीची तयारी करणाऱ्या बऱ्याच मुलींचा हाच जुगाड असतो. मैत्रिणीकडून मैत्रिणीला कळतो, सरांना कोणी सांगत नाही.

हात का आवळले जात होते, याचं उत्तर इथंच होतं. स्तनाच्या आत स्नायू नसतो. चरबी, ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे पातळ तंतू, ज्यांना कूपरचे लिगामेंट म्हणतात, आणि बाहेरून कातडी, एवढाच आधार. पळताना स्तन नुसते वर-खाली होत नाहीत. वर-खाली, डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे अशा तिन्ही दिशांनी हलतात, आणि त्यांची वाट इंग्रजी आठच्या आकड्यासारखी होते. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात यावर अनेक वर्षं संशोधन चालू आहे. ही हालचाल ब्राने थांबवली नाही तर शरीर स्वतःच थांबवायला बघतं. खांदे पुढे येतात, कोपरं आत येतात, धड वळायचं कमी होतं. सर ज्याला सवय म्हणत होते ती सवय नव्हती, ते हातांनी दिलेलं टेकू होतं. टेकूची गरज संपवल्याशिवाय हात सुटणार नव्हते.

आता मानेचं. ब्रामध्ये वजन पेलायचं काम मुख्यतः खालच्या बँडचं असतं, म्हणजे छातीखालून पाठीमागे जाणाऱ्या पट्टीचं. खांद्याचे पट्टे कपाला जागेवर ठेवायला असतात. बँड सैल असेल तर तो पाठीवर वर सरकतो, पुढचा भाग खाली जातो, आणि मग बाई काय करते, तर पट्टे आखडते. पट्टे आखडले की बँड मागून आणखी वर ओढला जातो. सगळा भार खांद्याच्या वरच्या स्नायूवर येतो, ज्याला ट्रॅपिझियस म्हणतात, आणि तो मानेलाच जोडलेला आहे. तिला मी आरशाकडे पाठ करून उभं केलं आणि फोनवर तिच्याच पाठीचा फोटो काढून दाखवला. बँड पुढून जितका खाली, पाठीवर त्याच्या तीन बोटं वर. इंद्रधनुष्यासारखी कमान. बँड सैल आहे हे ओळखायला याहून सोपी खूण नाही.

मग टेप घेतला. माप घेताना पातळ, पॅड नसलेली ब्रा अंगात असावी. पहिलं माप स्तनांच्या बरोबर खाली, श्वास सोडल्यावर, टेप अंगाला घट्ट आणि पाठीवर आडवा सरळ. ते आलं ७६ सेंमी, म्हणजे ३० इंच. दुसरं माप छातीच्या सगळ्यात भरीव जागेवरून, इथे टेप नुसता टेकवायचा, आवळायचा नाही. ते आलं ९५ सेंमी, साडेसदतीस इंचांच्या आसपास. पाळीच्या आधीच्या आठवड्यात बऱ्याच जणींची छाती भरून येते, त्यामुळे ते दिवस टाळून माप घेतलेलं बरं. आम्ही तसंच घेतलं.

आपल्याकडच्या बहुतेक तक्त्यांत खालचं माप ७३ ते ७७ सेंमी असेल तर नंबर ३४ येतो. ३६ नंबर त्याच्या पुढच्या मापाला, ७८ ते ८२ ला. म्हणजे तिचा बँड एक नंबर मोठा होता. वरचं माप बघितलं तर ३४ नंबरात ती डी कपात बसत होती. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण बहुतेक चुका इथंच होतात. कपाचं अक्षर स्वतंत्र नसतं, ते बँडच्या नंबरावर अवलंबून असतं. ३६ बी चा कप आणि ३४ सी चा कप साधारण सारख्याच मापाचे असतात. बँड एक नंबर उतरवला की तेवढाच कप हवा असेल तर अक्षर एक पुढे न्यावं लागतं. तिला ३४ बी घ्यायला सांगितलं असतं तर कप आणखी लहान झाला असता. तिला हवा होता ३४ डी, म्हणजे आत्ताच्यापेक्षा बँड एक नंबर लहान आणि कप एक माप मोठा. 'डी' ऐकून ती दचकली. "डी म्हणजे लई मोठ्ठं ना?" हा गैरसमज सार्वत्रिक आहे. ३४ चा डी आणि ४० चा डी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

एक सावधगिरी. काही परदेशी कंपन्या नंबर वेगळ्या पद्धतीने लावतात, तिथे ३४ म्हणजे खालचं माप खरोखरच ३४ इंच. त्या तक्त्यात हीच मुलगी ३० किंवा ३२ ला जाईल. म्हणून नंबर पाठ करण्यापेक्षा सेंमीमधली दोन मापं कागदावर लिहून ठेवावीत आणि प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यावर लावून बघावीत.

खरेदीला ती आईबरोबर नवी पेठेत गेली. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने बघूनच "एक्सएल द्या ताईंना" म्हणून मोकळं केलं. एस, एम, एल अशा साइजचा घोळ हाच की त्यात बँड आणि कप वेगळे मागता येत नाहीत. लहान घेराची पण भरलेल्या छातीची मुलगी कपासाठी एक्सएल घेते आणि बँड आपोआप सैल मिळतो. बारीक, सपाट छातीच्या मुलींना एस-एम चालून जातं. हिला चालणार नव्हतं.

दुसरं असं की डोक्यातून घालायच्या बहुतेक ब्रा नुसता दाब देतात, दोन्ही स्तन एकत्र करून छातीवर आवळतात. १९७७ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये तीन बायकांनी पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप एकत्र शिवून पहिली स्पोर्ट्स ब्रा बनवली, तिचं तत्त्वही दाबाचंच होतं. लहान कपाला ते पुरतं. सी-डी च्या पुढे मात्र प्रत्येक स्तनाला स्वतःचा वेगळा कप आणि त्यावरून थोडा दाब, असा दोन्हींचा मेळ असलेली ब्रा पळायला जास्त बरी पडते, कारण बाजूची हालचाल नुसत्या दाबाने फारशी थांबत नाही. तिच्यासाठी मी कागदावर एवढंच लिहून दिलं होतं: ३४ डी, वेगळे शिवलेले कप, मागे हुक, पट्टे लहान-मोठे करता येणारे. तिसऱ्या दुकानात बाई होत्या, घालून बघायला आडोसाही होता. किंमत हजाराच्या वर गेली तेव्हा आईचा चेहरा पडला, पण एक्सएलच्या दोन-तीन झाल्याच होत्या आधी, हा हिशेब मुलीनेच घातला.

दुकानात काय बघायचं ते तिला सांगून ठेवलं होतं. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक पुढे ढिलं होतंच आणि तेव्हा आतले हुक कामाला येतात. नवीनच ब्रा आतल्या हुकावर लावावी लागली तर ती मोठी आहे. बँडखाली दोन बोटं जावीत, मूठ जाऊ नये. मग पट्टे खांद्यावरून पूर्ण खाली सोडून द्यायचे आणि बघायचं: नुसत्या बँडवर ब्रा जागेवर राहते का? राहिली तर बँड आपलं काम करतोय. ही परीक्षा मला सगळ्यात खात्रीची वाटते. नंतर पट्टे लावून हात डोक्यावर न्यायचे. बँड पुढून वर उचलला गेला तर सैल. काखेकडून किंवा गळ्याकडून मांस बाहेर फुगत असेल तर कप लहान, कापडाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा. वायर असेल तर ती स्तनाच्या बाहेरून बरगडीवर टेकली पाहिजे, स्तनावर चढता कामा नये. शेवटी जागच्या जागी मिनिटभर उड्या, खऱ्या, गुडघे उचलून. आणि एक खोल श्वास. श्वास अर्ध्यात अडला तर ती घट्ट आहे, मग उड्यांना कितीही छान वाटू दे. ८०० मीटरच्या शेवटच्या दोनशेला फुप्फुसं पूर्ण फुगायला हवीत.

ती ३४ डी घालून उड्या मारून आली आणि आईला म्हणाली, "आई, हे तर हलतंच नाही." खरं तर थोडं हलतं, सगळं थांबवणारी ब्रा अजून तरी मी पाहिलेली नाही. पण एकटी ब्रा दोन ब्रांचं काम करू शकते हे तिला तिथं पटलं.

सोलवटलेल्या जागेचं कारण कापडात होतं. सूत घाम पितं, हे टॉवेल-चादरींच्या गावात कोणाला सांगायला नको. टॉवेलला तो गुण आहे, पळायच्या ब्राला तो दोष. तिची आतली सुती ब्रा दहा मिनिटांत ओली होई, वरची दुसरी तिला वाळू देत नसे. ओलं सुती कापड जड होतं, ढिलं पडतं, आणि ओल्या कातडीवर घासत राहतं. घामातलं मीठ त्यावर आणखी. तिच्या जुन्या काळ्या ब्राच्या बँडवर मिठाच्या पांढऱ्या रेघा होत्या, आणि बँडची आतली जाड शिवण बरोबर त्या सोलवटलेल्या जागेवर येत होती. पळायला नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये स्पॅन्डेक्स मिसळलेलं कापड हवं, जे घाम बाहेरच्या बाजूला नेतं आणि लवकर वाळतं. पण बोटांनी ताणून बघावं. कपाचं कापड खूप ताणलं जात असेल तर ते पळताना छातीबरोबरच ताणलं जाणार, आधार काय देणार? कपाचं कापड कमी ताणलं जाणारं, बँड ताणून झटकन परत येणारा, पाठीला जाळी, आणि आतल्या शिवणी चपट्या. उलटी करून शिवणींवरून बोट फिरवलं की कळतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पहाटे साडेपाचलाही अंग निथळतं, तेव्हा पाठीची जाळी ही चैन नव्हे. जखम सुकेपर्यंत आठवडाभर तिचं पळणं मी बंद ठेवलं, नंतर त्या जागेवर पळण्याआधी व्हॅसलीनचं बोट.

पट्ट्यांच्या बाबतीत तिला मागे एकत्र येणारे पट्टे नको म्हणाले, त्याला बऱ्याच मुलींनी भुवया उंचावल्या आहेत, कारण स्पोर्ट्स ब्रा म्हणजे तेच असा समज आहे. तसे पट्टे वाईट नाहीत. खांद्यावरून घसरत नाहीत, उतरत्या खांद्यांच्या मुलींना तर सोयीचेच. पण ते मानेच्या जवळून जातात, आणि भार नेमका त्याच स्नायूवर टाकतात जो हिचा आधीच दुखत होता. शिवाय तिच्या जुन्या ब्राचे पट्टे बारीक आणि रबरासारखे ताणले जाणारे होते. पट्टा ताणला जातो म्हणजे प्रत्येक पावलाला छाती खाली जाते आणि पट्टा तिला वर झटकतो. तिच्यासाठी सरळ उतरणारे, दोन बोटं रुंद, आतून मऊ आणि फार न ताणले जाणारे पट्टे निवडले. खांद्याच्या मध्यावरून जाणारे. पट्ट्याखाली एक-दोन बोटं सहज जातील इतकेच आखडायचे, आणि पळताना ब्रा हलली तर पट्ट्याला हात न लावता आधी बँड तपासायचा, हे मी तिला दोनदा बजावलं.

मानेचे व्यायाम चालूच होते, त्यामुळे दुखणं कमी झालं त्याचं सगळं श्रेय ब्राला देणार नाही. पण कोपरं सुटली ती ब्रामुळेच. तिच्या मैत्रिणीने पाठीमागून घेतलेले दोन व्हिडिओ माझ्याकडे आहेत. जुन्यात कोपरं अंगाला चिकटलेली आणि खांदे कानाकडे चढलेले, नव्यात हात मागेपुढे मोकळे. सरांनी म्हणे विचारलं, काय केलंस? तिने सांगितलं, मानेचे व्यायाम.

आता धुण्याचं, कारण महागाची ब्रा दोन महिन्यांत घालवायची वाट तिथूनच जाते. त्यांच्या घरी आतले कपडे दोन प्रकारे वाळायचे. एक तर गच्चीवर भर दुपारच्या उन्हात, नाहीतर पाहुणे असले की न्हाणीघरात टॉवेलखाली झाकून. दोन्ही वाईट. कडक उन्हाने स्पॅन्डेक्स कडक होऊन तुटतं, आणि झाकून ठेवलेली ब्रा वाळतच नाही, वास मारते, छातीखाली बुरशीचं पुरळ उठतं. खिडकीशी, सावलीत, वारा लागेल असं वाळवायचं. तेही पट्ट्यांवर टांगून नाही, ओल्या वजनाने पट्टे लांबतात. दोरीवर मधोमध टाकायची. पळून आल्यावर लगेच थंड पाण्यात साध्या साबणाने चुबकायची, ब्रश नाही, ब्लीच नाही, सुगंधी सॉफ्टनर नाही, कारण सॉफ्टनरचा थर बसला की कापड घाम ओढत नाही. पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची. पुढच्या महिन्यात तिने तीच ब्रा आणखी एक घेतली, म्हणजे एकीला वाळून इलॅस्टिक पुन्हा आखडायला दिवसभर मिळतो.

बदलायची कधी, याला लोक महिन्यांत उत्तर मागतात. नियमित पळणारीला सहा महिने ते वर्ष, असा साधारण अंदाज आहे, पण आठवड्यातून पाच दिवस पळणारी आणि दोन दिवस पळणारी यांना एकच तारीख कशी लागू पडेल? म्हणून तिला मोजायला लावलं. नवी ब्रा पलंगावर सपाट ठेवून, न ताणता, बँडची लांबी बाहेरच्या हुकापर्यंत: ६४ सेंमी. अंग ७६ चं, म्हणजे बँड १२ सेंमी ताणून बसतोय आणि त्या ताणातूनच आधार येतोय. उत्सुकता म्हणून जुनी ३६ बी मोजली तर ती ७२ निघाली. चारच सेंमीचा ताण, मग पट्टे आखडण्यावाचून काय राहतं?

दर महिन्याला ती वहीत आकडा लिहायची. पावसाळा संपेपर्यंत पहिली ब्रा ६७ वर गेली होती आणि ती तिसऱ्या, सगळ्यात आतल्या हुकावर आली होती. आतल्या हुकाने ते तीनेक सेंमी परत मिळतात, पण त्यानंतर आखडायला जागा उरत नाही. याच सुमाराला इतर खुणाही दिसतात. बँड कानाजवळ धरून ताणला तर बारीक करकर ऐकू येते, ती आतले धागे तुटल्याची. ताणून सोडला की काठाला लाटा पडतात. पट्टे आठवड्याला पुन्हा आखडावे लागतात. कापड कपावर पातळ होऊन चकाकतं. आणि वजन चार-पाच किलोंनी इकडे-तिकडे झालं, किंवा बाळंतपण झालं, तर ब्रा नवीकोरी असली तरी माप नव्याने घ्यावं लागतं.

काही गोष्टी ब्राच्या हातात नाहीत. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तिला पळताना अजूनही दुखतं. त्या दिवसांत ती एक हुक सैल करते आणि वेगाचा सराव मागे-पुढे ढकलते. 'ब्रा नाही घातली तर छाती ओघळते' हे आईने तिला बजावलं होतं, त्याला ठाम पुरावा नाही. दुखणं आणि घासणं कमी होतं हे मात्र नक्की. एकाच बाजूला एकाच जागी दुखत राहणं, गाठ लागणं, स्तनाग्रातून पाणी किंवा रक्त येणं, कातडीला खळी पडणं, यातलं काही असेल तर ब्रा बदलत बसू नये, सरळ डॉक्टर गाठावा.

तिसऱ्या हुकावर आलेली ती ब्रा तिने टाकली नाही. गोळाफेकीच्या दिवशी ती चालते, त्यात उड्या नसतात. ट्रॅकसाठी आता दुसरी आणि एक नवीन, आणि वहीत नव्या पानावर नवा आकडा: ६३.५.